एकच वाचन, दोन जमिनी: ३८ हेक्टर ओलिताखालील क्षेत्राचा क्षारता-नकाशा

पार्श्वभूमी

हे प्रकरण कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या ३८ हेक्टर सलग क्षेत्राचे आहे. पश्चिमेकडील सुमारे २२ हेक्टर जमीन थोडी उंचावर असून पोयट्याची आहे, तर पूर्वेकडील १६ हेक्टर सखल आणि भारी चिकण मातीची आहे. पाण्याच्या पाळीच्या सोयीसाठी या क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण असेही दोन भाग केलेले होते. त्यांच्यामधला बांध पूर्व-पश्चिम सरळ जात असल्यामुळे तो दोन्ही प्रकारच्या मातींना छेदत होता. ही मांडणी लक्षात ठेवावी, कारण पुढची पहिली चूक तिच्यामुळेच सापडली.

पिकाची उगवण काही वर्षांपासून ठिकठिकाणी विरळ होत होती. दोन चट्टे तर जवळजवळ उघडे पडले होते. वरच्या जमिनीतील चट्ट्यावर पाणी आटल्यावर पांढरे क्षार फुटत. खालच्या जमिनीतील चट्ट्यावर पांढरेपणा नव्हता, पण पाणी दिवसेंदिवस साचून राही. भूमिगत निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या टाकण्याचे मालकाने ठरवले होते. संपूर्ण क्षेत्रात एकदम काम करणे शक्य नसल्याने सुरुवात कुठून करावी, एवढाच त्याचा प्रश्न होता आणि त्यासाठी त्याला क्षारतेचा नकाशा हवा होता.

अडचण

जमिनीची क्षारता ठरवण्याची प्रमाण पद्धत प्रयोगशाळेतली आहे. मातीत शुद्ध पाणी घालून तिची संपृक्त लापशी करतात, निर्वात पंपाने तिच्यातला अर्क ओढून घेतात आणि त्या अर्काची विद्युत वाहकता मोजतात. हा आकडा ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त मानण्याचा प्रघात आहे. पद्धत खात्रीची आहे, परंतु तिचे उत्तर एका छिद्रापुरते असते, आणि क्षार असे पसरतात की वीस पावलांवर आकडा तिप्पट होऊ शकतो.

विद्युतचुंबकीय प्रेरणेवर चालणारे उपकरण याच्या नेमके उलट काम करते. त्याच्या एका टोकाची कॉइल जमिनीत क्षीण प्रवाह निर्माण करते आणि एक मीटरवरची दुसरी कॉइल त्या प्रवाहांनी उठवलेले चुंबकीय क्षेत्र टिपते. त्यामुळे छिद्र न पाडता चालता-चालता हजारो वाचने मिळतात. मात्र ते जे मोजते ती संबंध मातीची आभासी वाहकता असते. तिच्यात क्षार असतात, ओल असते, चिकण कणांच्या पृष्ठभागावरून होणारे वहन असते आणि तापमानही असते. या सर्वांची एकत्र बेरीज एका आकड्यात येते, आणि त्या आकड्यातून क्षारांचा वाटा वेगळा काढणे हाच या कामातला खरा खटाटोप आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय असा होता की दर हेक्टरी एक याप्रमाणे ३८ छिद्रे घेऊन प्रत्येकात ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन थर तपासावेत. म्हणजे ११४ नमुने झाले असते आणि तरीही चट्ट्यांच्या कडा सापडल्या नसत्या. दुसरा पर्याय फक्त उपकरण फिरवून अन्य ठिकाणच्या अभ्यासातले रूपांतर-सूत्र वापरण्याचा होता. तो स्वस्त होता आणि मालकाचा कल त्याच्याकडे होता. तिसरा पर्याय उपकरणाने सर्वेक्षण करून त्याच वाचनांच्या आधारे १२ जागा निवडण्याचा आणि तिथल्या ३६ नमुन्यांवरून या जमिनीपुरते सूत्र बसवण्याचा होता. आम्ही तिसरा पर्याय स्वीकारला. दुसरा स्वीकारला असता तर काय झाले असते, हे पुढे आकड्यांनिशी दिसेल.

पहिले सर्वेक्षण आणि बांधावरची पायरी

ईएम-३८ जातीचे, उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही स्थितींत एकाच वेळी वाचन देणारे उपकरण आम्ही प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर बसवले आणि १२ मीटरच्या अंतराने समांतर ओळींत ओढत नेले. उभ्या स्थितीतील प्रतिसादाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वरच्या दीड मीटरमधून येतो आणि आडव्या स्थितीत तेवढाच भाग साधारण पाऊण मीटरमधून येतो. आडवी स्थिती अगदी पृष्ठभागाला सर्वांत संवेदनशील असते. उभी स्थिती पृष्ठभागाला जवळजवळ आंधळी असते आणि तिचा भर ३५-४० सेंटिमीटर खोलीच्या आसपास पडतो. दोन्ही वाचने सोबत घेण्याचा उपयोग त्यामुळेच होतो. सुरुवातीला उपकरण दीड मीटर उंच धरून शून्य जुळवले. त्या उंचीवर उभे वाचन आडव्याच्या जवळपास दुप्पट यायला हवे आणि ते तसे येत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा उत्तर भागाला पाणी देऊन चार दिवस झाले होते आणि जमीन वाफशावर होती. दक्षिण भागाची पाळी मात्र यायची होती आणि तिथे पाणी देऊन २३ दिवस उलटले होते. इथे पहिला निर्णय करावा लागला. उपकरण भाड्याने आणलेले होते. ओलीतला फरक नंतर मोजून सूत्रात सामावून घेऊ, असे म्हणून आम्ही दोन्ही भाग करून टाकले.

संध्याकाळी नकाशा उघडला तेव्हा बांधाच्या रेषेवर वाचनांची सरळ पायरी पडलेली दिसली. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना उभे वाचन बांध ओलांडताच सुमारे २५ मिलिसायमन प्रति मीटरने घसरत होते, आणि ते पोयट्यात तसेच चिकण मातीतही घसरत होते. क्षार कधी बांध पाहून थांबत नाहीत. नैसर्गिक सीमा नागमोडी असतात, त्यामुळे नकाशावर पट्टीने आखल्यासारखी रेषा दिसली की माणसाच्या कामाचा किंवा उपकरणाचा संशय घ्यावा. उपकरण तापल्यामुळे वाचने सरकली असतील, ही शंका आम्ही आधी तपासली. दर दोन तासांनी एकच ओळ पुन्हा चालून घेतलेली होती आणि तिच्यातला फरक ३ ते ५ मिलिसायमनपुरताच होता. म्हणजे पायरी ओलीचीच होती.

ओलीची दुरुस्ती गणिताने करता आली असती का? प्रत्येक ठिकाणची ओल माहीत असती तर कदाचित करता आली असती. पण ती माहीत करून घ्यायची तर पुन्हा शेकडो छिद्रेच पाडावी लागतात. शिवाय माती बरीच वाळली की मातीतल्या पाण्याचे धागे तुटतात आणि क्षार असूनही वाहकता पडते, त्यामुळे एका गुणकाने दुरुस्ती करण्याइतके हे नाते सरळ नसते. आम्ही पहिले सर्वेक्षण बाजूला ठेवले. सोळा दिवसांनी दोन्ही भागांना लागोपाठ पाणी मिळाले आणि जमीन वाफशावर येताच सर्व ओळी पुन्हा चाललो. या वेळी ५० सेंटिमीटर खोलीवर तापमान २४ अंश होते. दर अंशाला सुमारे २ टक्के या हिशेबाने वाचने २५ अंशांवर आणली. एका जुन्या लोखंडी पाइपलाइनवर वाचने अचानक ऋण होऊन उसळत होती, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच मीटरची पट्टी काढून टाकली.

नमुन्यांच्या जागा

दुसरा निर्णय १२ छिद्रे कुठे घ्यावीत याचा होता. मालकाला ती पांढऱ्या चट्ट्यात आणि त्याच्या भोवती हवी होती. आमच्यातल्या एकाला समान अंतराची जाळी हवी होती. चट्ट्यातच सर्व नमुने घेतले तर सूत्राला चांगली जमीन कधी दिसतच नाही, आणि जाळीत मधल्या आकड्यांची गर्दी होऊन टोके निसटतात. सूत्र बसवायला टोकांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. म्हणून दोन्ही स्थितींतील वाचनांचे लॉगरिदम घेऊन त्यांचे दोन स्वतंत्र घटक काढले. पहिला घटक एकूण वाचन किती मोठे आहे ते सांगतो आणि दुसरा वरच्या व खालच्या थरांतला फरक सांगतो. या दोन घटकांच्या पटावर उच्च, मध्यम आणि नीच अशा सर्व जोड्या येतील आणि जागा शेतभर विखुरलेल्याही राहतील, अशा रीतीने १२ ठिकाणे निवडली. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने याच कामासाठी तयार केलेल्या ‘ईसॅप’ या संगणक-प्रणालीमागेही हीच कल्पना आहे.

प्रत्येक जागी घसरगाडी थांबवून उपकरणाने नव्याने वाचन घेतले आणि ऑगर नेमका तिथेच लावला. आमच्या गाडीवर उपग्रह-स्थाननिश्चितीचा अँटेना उपकरणाच्या दोन मीटर पुढे होता. ते अंतर वजा केले नाही तर वाचन एका ठिकाणचे आणि माती दुसऱ्या ठिकाणची अशी गफलत होते. नमुन्यांच्या अर्काच्या वाहकतेसोबत आम्ही संपृक्तता-टक्केवारीही मागवली, म्हणजे लापशी होण्यासाठी मातीला तिच्या वजनाच्या किती टक्के पाणी लागले तो आकडा. तो पोताचा स्वस्त आणि चांगला सूचक आहे. हा एक रकाना मागवला नसता तर पुढचे कोडे सुटले नसते.

पहिले सूत्र का फसले

०-९० सेंटिमीटरच्या सरासरी क्षारतेचा लॉगरिदम आणि उभ्या वाचनाचा लॉगरिदम यांच्यात सरळ रेषा बसवली. बारा नमुन्यांतील चढउतारांपैकी जेमतेम ४१ टक्के तिने समजावून सांगितले. एवढ्यावरून उपकरणाला नावे ठेवणे सोपे होते. पण चुका नकाशावर मांडल्यावर त्या विस्कळीत नसल्याचे दिसले. पश्चिमेकडच्या जागांची क्षारता सूत्र कमी सांगत होते आणि पूर्वेकडच्या जागांची जास्त सांगत होते. दोन जागांचे आकडे शेजारी ठेवल्यावर कारण उघड झाले. चौथ्या जागेवर, पोयट्यात, उभे वाचन ११८ होते, संपृक्तता-टक्केवारी ३८ आणि क्षारता ६.२. नवव्या जागेवर, चिकण मातीत, वाचन १२१ होते, संपृक्तता-टक्केवारी ७२ आणि क्षारता फक्त १.९.

वाचन सारखेच असूनही एका जागी क्षारता दुसरीच्या तिपटीहून जास्त होती. चिकण माती वाफशावर असताना पोयट्याच्या बरीच वर पाणी धरते आणि तिच्या कणांचे पृष्ठभागही वीज वाहतात. त्यामुळे क्षार थोडे असूनही वाचन फुगते. कच्च्या नकाशावर १०० च्या वर वाचन असलेले, तांबडे रंगवलेले क्षेत्र १९ हेक्टर होते आणि त्यातले १३ हेक्टर या चिकण मातीतले होते. तयार सूत्र वापरणारा पर्याय घेतला असता तर नळ्यांचा पहिला टप्पा बहुधा तिथेच पडला असता.

दोन पट्ट्यांचे सूत्र

आता तिसरा निर्णय होता. दोन मातींची सूत्रे पूर्ण वेगळी करावीत, तर एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला पाचच नमुने उरत होते. पाच बिंदूंतून काढलेल्या रेषेवर कोण विश्वास ठेवणार? दुसरी वाट अशी होती की वाचन वाढले की क्षारता कोणत्या चढाने वाढते, हे दोन्ही मातींत एकच मानावे आणि फक्त रेषेची उंची वेगळी ठेवावी. आम्ही ही वाट घेतली, पण त्याआधी आणखी आठ जागांचे नमुने घेतले. मधल्या काळात शेताला पाणी दिलेले नव्हते. संपृक्त अर्काची वाहकता शेतातल्या ओलीवर अवलंबून नसल्यामुळे या जागांसाठी आधीच्या सर्वेक्षणातली वाचने वापरणे चालण्यासारखे होते. वीस जागांवर बसलेले सूत्र असे आले:

```
ln(ECe) = -4.10 + 1.24 ln(EMv) - 1.15 Z
```

यात ECe ही डेसिसायमन प्रति मीटरमधील क्षारता, EMv हे मिलिसायमन प्रति मीटरमधील उभे वाचन, आणि Z पोयट्यासाठी ० तर चिकण मातीसाठी १ आहे. आडवे वाचन उभ्या वाचनाच्या इतक्या जवळून चालत होते की त्याला सूत्रात घेतल्याने दोन्ही गुणक डळमळीत झाले असते, म्हणून ते सूत्राबाहेर ठेवले. आता ८६ टक्के चढउतार समजत होते. या सूत्रानुसार ४ ची मर्यादा पोयट्यात ८३ च्या वाचनाला गाठली जाते आणि चिकण मातीत २११ ला. चिकण मातीतले सर्वांत मोठे वाचन १५० होते, म्हणजे तिथली कोणतीही जागा त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हती.

सूत्राची शिल्लक चूक लॉगरिदमात ०.२८ होती. साध्या आकड्यांत सांगायचे तर सूत्राने ४ म्हटले की खरा आकडा साधारण २.३ ते ७ यांत कुठेही असू शकतो. म्हणून मालकाला क्षारतेच्या वर्गांचा रंगीत नकाशा देण्याऐवजी क्षारता ४ च्या वर असण्याची शक्यता किती, याचा नकाशा दिला. चौथ्या जागेसाठी ती शक्यता ९० टक्क्यांच्या वर होती आणि नवव्या जागेसाठी एका टक्क्याच्या आत होती. एकूण ७ हेक्टर ८० टक्क्यांच्या वर निघाले आणि ३ हेक्टर ३० ते ८० च्या संदिग्ध पट्ट्यात राहिले.

सूत्रात न वापरलेल्या सहा स्वतंत्र जागांवर पडताळणी केली. पाच जागा अपेक्षित मर्यादेत बसल्या. सहाव्या जागी सूत्र २.४ म्हणत होते आणि प्रयोगशाळेने ५.० सांगितले. ती जागा दोन मातींच्या सीमेजवळ होती आणि आम्ही तिला चिकण मातीत धरले होते. पोयट्यात धरल्यास अंदाज ७.६ येतो आणि ५.० हा आकडा त्याच्या मर्यादेत बसतो. म्हणजे चूक सीमारेषेत होती. सीमेवर ११ उथळ छिद्रे पाडून, माती ओली करून बोटांत चोळून पाहिली आणि रेषा पूर्वेकडे सरकवली.

निष्पत्ती

पांढऱ्या चट्ट्यावर उभे वाचन १६२ आणि आडवे १९० होते. आडवे वाचन उभ्यापेक्षा मोठे असणे म्हणजे क्षार वरच्या थरात दाटलेले असणे, आणि असे बहुधा भूजल उथळ असून केशाकर्षणाने वर चढत असले की होते. नमुन्यांनी ते दाखवून दिले. वरच्या थरात १४.२, मधल्यात ८.० आणि खालच्यात ५.१ क्षारता होती. नळ्या याच ७ हेक्टरमध्ये टाकल्या गेल्या.

खालच्या जमिनीतला उघडा चट्टा नवव्या जागेभोवती होता. तिथे क्षारता १.९ होती, मग पीक का येत नव्हते? त्याच नमुन्याचा सामू ८.८ आणि सोडियम अधिशोषण गुणोत्तर १९ आले. ही जमीन क्षारयुक्त नसून चोपण होती. चोपण जमिनीत सोडियममुळे कण विस्कटतात आणि पाणी मुरत नाही. उपकरण एकूण वाहकता मोजते, ती कोणत्या आयनाची आहे हे सांगत नाही, त्यामुळे त्याच्याकडून हे निदान होण्याची अपेक्षाच चुकीची होती. तिथे नळ्यांआधी जिप्समचे काम हाती घेतले गेले.

दोन हंगामांनी पुन्हा सर्वेक्षण केले. पांढऱ्या चट्ट्यावरचे उभे वाचन १६२ वरून ८० वर आले होते. जुने सूत्र लावले तर क्षारता ३.८, म्हणजे मर्यादेच्या आत. नकाशा तसाच छापला असता तर काम फत्ते झाल्याचे जाहीर करता आले असते. पण नळ्यांमुळे जमिनीतली ओलही कमी झाली होती आणि तिच्यामुळेही वाचन घटते. म्हणून सहा जागांचे नमुने पुन्हा घेतले. या चट्ट्यावर ६.३, ५.० आणि ४.३ असे थर निघाले, सरासरी ५.२. एका जागेपुरता हा फरक चुकीच्या मर्यादेत बसला असता, परंतु सहाही जागांवर सूत्र खऱ्यापेक्षा कमीच सांगत होते. क्षार उतरले होते, पण वाचन दाखवत होते तितके नाही. चढ तोच ठेवून रेषेची उंची नव्या नमुन्यांवरून पुन्हा बसवली.

पुन्हा करायचे झाल्यास

सर्वेक्षणाची तारीख उपकरणाच्या उपलब्धतेवरून न ठरवता पाण्याच्या पाळीवरून ठरवू. पहिल्या वेळी वाचवलेल्या एका फेरीने सोळा दिवस खाल्ले. ऑगरने चाळीसेक उथळ छिद्रे पाडून, हाताने पोत पाहून मातींची सीमा सर्वेक्षणाआधीच आखू आणि १२ ऐवजी पहिल्याच फेरीत २० नमुन्यांची तयारी ठेवू. सीमेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन नमुने मुद्दाम घेऊ. उघड्या चट्ट्यांतल्या नमुन्यांवर सामू आणि सोडियमची तपासणी पहिल्याच वेळी मागवू. आम्हाला तो चट्टा चोपण असल्याचे कळले ते प्रयोगशाळेत उरलेली माती अजून फेकलेली नव्हती म्हणून.

संदिग्ध पट्ट्यातल्या ३ हेक्टरांबद्दल निर्णय अजून झालेला नाही. तिथे पुढच्या पाळीनंतर सहा छिद्रे घ्यायची ठरली आहेत.